आभाराचं पत्र आणि कोर्स कुणाच्या नावावर होता?

सत्र संपलं, गुण भरून झाले आणि विभागप्रमुखांनी जाता जाता सांगितलं, "अरे, त्या मॅडमना आभाराचं पत्र टाकून दे." मी नवीन होतो. जुनी फाइल उघडली, कुठल्याशा अतिथी व्याख्यानानंतर पाठवलेलं पत्र काढलं, नाव आणि तारीख बदलली, सरांची सही घेतली. सगळं वीस मिनिटांत उरकलं. त्या वीस मिनिटांची आठवण आली की अजून कानशिलं गरम होतात.

मॅडम एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. आमच्याकडे हा विषय शिकवणारं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी पूर्ण सत्र शिकवलं. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, सरांच्या शब्दाखातर आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाकडून एक बग रिपोर्ट लिहून घेतला. बहुतेकांनी "लॉगिन चालत नाही" एवढंच लिहिलं होतं. प्रत्येक कागदावर त्यांचा लाल शाईत एकच शेरा: "हे वाचून मला तो बग पुन्हा घडवता येईल का?" सत्राच्या शेवटी तीच मुलं कोणत्या पायरीनंतर काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे न सांगता लिहायला लागली होती.

आणि मी त्यांना काय लिहिलं? "आपण आमच्या विभागास भेट देऊन विद्यार्थ्यांना अमूल्य मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल विभाग आपला ऋणी आहे." चौदा आठवड्यांची झाली भेट. हे वाक्य एका तासाच्या भाषणाला चालतं, बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना चालतं, झाड लावून गेलेल्या पाहुण्यांनाही चालेल. मॅडमनी "धन्यवाद" एवढंच उत्तर पाठवलं. मला वाटलं, काम झालं.

दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. दुसऱ्या एका संस्थेत अर्धवेळ शिकवण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता आणि अनुभवात आमचा कोर्स लिहिला होता. तिथल्या समितीने आमच्या कार्यालयाकडे विचारणा केली. कार्यालयाने नोंद बघून उत्तर दिलं की त्या सत्रात तो कोर्स त्यांनी नव्हे, मी शिकवला होता.

कार्यालय खोटं बोललं नव्हतं. सापळा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाहेरून येणाऱ्या माणसाचा कर्मचारी क्रमांक नसतो. क्रमांक नाही म्हणून प्रणालीत त्यांचं नाव शिक्षक म्हणून चढत नाही, आणि शिक्षकाचं नाव नसेल तर कोर्सच उघडत नाही. मग विभाग सरळ मार्ग काढतो आणि कुणातरी नियमित शिक्षकाच्या नावावर कोर्स टाकतो. आमच्याकडे तो नियमित शिक्षक म्हणजे मी. वेळापत्रकात माझं नाव, हजेरीपटावर माझं नाव, गुणपत्रकाखाली माझी सही. यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता. सत्र चालू असताना कुणाला काही खटकत नाही, कारण वर्गात कोण उभं असतं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत असतं. पण सत्र संपतं, मुलं पास होऊन जातात, प्रमुख निवृत्त होतात आणि उरतो फक्त कागद. कागदावर मॅडम कुठेच नव्हत्या. जिथे त्या असू शकल्या असत्या ती एकच जागा म्हणजे ते आभाराचं पत्र, आणि तिथे मी त्यांना "भेट देऊन" गेलेल्या पाहुण्या करून ठेवलं होतं.

समितीपुढे त्यांनी तेच पत्र ठेवलं. अर्जात "पूर्ण सत्र शिकवलं", पत्रात "भेट", कार्यालयाच्या उत्तरात माझं नाव. तिऱ्हाइताने काय समजायचं? फोनवर मॅडम चिडल्या नाहीत. "तुमच्याकडे काही लेखी असेल तर बघाल का?" एवढंच म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याने लगेच शॉर्टकट सुचवला: दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकून नवं पत्र कर, जुन्या सरांच्या घरी जाऊन सही आण. असले सल्ले देणारे ज्येष्ठ प्रत्येक विभागात असतात आणि चहाच्या वेळी फार लाडके असतात. त्यांचं ऐकू नका. पत्रावर जावक क्रमांक लागतो, आणि जावक नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीच्या पानावर मोकळी ओळ नसते. मागच्या तारखेचं पत्र पकडलं गेलं की खरं काम केलेल्या माणसावरच बनावट कागद दिल्याचा शिक्का बसतो.

मी आधी पुरावे गोळा केले. मॅडमनी दर आठवड्याला मला पाठवलेल्या स्लाइडचे ईमेल तारखांसकट सापडले. परीक्षेच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांचे मसुदे त्यांच्याकडून आलेले होते. फाटकावरच्या अभ्यागत वहीत त्यांच्या सह्या होत्या. त्या मोजल्या तर 12 आठवडे भरले. उरलेल्या दोन आठवड्यांत त्या कामासाठी बाहेरगावी होत्या आणि वर्ग मी घेतला होता. मी हे पार विसरलो होतो. स्मरणावर विसंबून "पूर्ण 14 आठवडे" लिहिलं असतं तर दुसरी चूक केली असती.

हे सगळं घेऊन नव्या विभागप्रमुखांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मी हे पाहिलेलं नाही, मी कशी सही करू?" बरोबरच होतं त्यांचं. मार्ग निघाला तो दोन शब्दांनी: "विभागीय नोंदींनुसार". नव्या प्रमुखांना "मी पाहिलं" असं म्हणावं लागत नाही, "नोंदी असं दाखवतात" एवढंच म्हणायचं असतं. पत्रावर तारीख आजची, सही आजच्या प्रमुखांची, आणि ज्याच्या नावावर कोर्स होता त्याची, म्हणजे माझी, खाली स्वतंत्र सही. पत्राचा गाभा असा होता:

"विभागीय नोंदींनुसार, आपण सदर सत्रात पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी 'सॉफ्टवेअर टेस्टिंग' हा विषय विनामानधन शिकवलात. 14 आठवड्यांच्या, आठवड्याला 3 तासांच्या या कोर्सपैकी 12 आठवड्यांची, म्हणजे 36 तासांची अध्यापनाची जबाबदारी आपण स्वतंत्रपणे पार पाडलीत. वर्गात 58 विद्यार्थी होते. दोन्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आपण तयार केल्यात आणि 11 प्रकल्पगटांचे मूल्यमापन केलेत. प्रशासकीय कारणास्तव कोर्सची नोंद अधोस्वाक्षरीकर्त्या शिक्षकांच्या नावे होती. त्यांनी उरलेले 2 आठवडे अध्यापन केले व अंतिम गुण सादर केले. बग रिपोर्ट लिहिण्याची आपण लावलेली शिस्त विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत स्पष्ट दिसते. विभाग आपला आभारी आहे."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "प्रशासकीय कारणास्तव" हे आहे. ते लिहायला मन धजत नाही, कारण विभागाने पळवाट काढली होती असं कबूल केल्यासारखं वाटतं. तरीही लिहा. ते नसेल तर पत्र एक सांगतं आणि कार्यालयाची नोंद दुसरं, आणि विचारणा करणारा नेहमी नोंदीवर विश्वास ठेवतो. ते असलं की दोन्ही कागद एकमेकांशी जुळतात. "अध्यापन" हा शब्दही जपून ठेवा. मार्गदर्शन, सहकार्य, योगदान हे शब्द ऐकायला गोड लागतात, पण शिकवण्याचा अनुभव म्हणून कुणी मोजत नाही.

उलट बाजूने अतिरेकही नको. उपकाराच्या भरात त्यांना "अतिथी प्राध्यापक" वगैरे पद बहाल करू नका. नेमणुकीचं पत्र निघालेलं नसेल तर ते पद त्यांच्याकडे कधी नव्हतंच, आणि पुढच्या पडताळणीत तेच वाक्य त्यांना महागात पडेल. काय केलं ते लिहा, काय होत्या ते लिहू नका.

माझ्या पहिल्या पत्राने एक गोष्ट निदान बिघडवली नाही, आणि त्यात माझी हुशारी शून्य. पत्राची प्रत त्यांच्या कंपनीला पाठवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अनेकांना वाटतं, साहेबांना प्रत गेली तर मॅडमचं वजन वाढेल. वाढेलही. पण बऱ्याच नोकऱ्यांत बाहेरचं काम, बिनपैशाचं असलं तरी, आधी परवानगी घेऊन करायचं असतं, आणि परवानगी कितपत लेखी आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. विचारा आणि मगच पाठवा. आणि आभाराच्या पत्रात "पुढील सत्रातही आपण याल ही अपेक्षा" हे वाक्य घालू नका. आभार मानता मानता पुढचं काम गळ्यात घालणं मला तरी ओशाळवाणं वाटतं. ते नंतर फोनवर विचारा, म्हणजे नाही म्हणायला त्यांना जागा राहते.

तुम्ही आत्ता अशा सत्राच्या मध्यावर असाल तर घाबरू नका, काही हाताबाहेर गेलेलं नाही. एक वही करा. त्यात तारीख, तास, विषय आणि वर्गात कोण होतं एवढं लिहा. शेवटी पाहुण्यांना ती दाखवून आकडे पक्के करून घ्या. अंतिम गुण गोठले की आठवडाभरात पत्र काढा, कारण त्याआधी काढलं तर विद्यार्थीसंख्या बदलू शकते. पाहुण्यांकडून नाव आणि पद त्यांना हवं तसं लिहून मागवा. पत्राची एक प्रत कोर्सच्याच फाइलमध्ये लावा, म्हणजे पुढे कार्यालयाने नोंद उघडली की पत्रही हाती लागेल. माझं पहिलं पत्र संकीर्ण पत्रव्यवहारात पडलं होतं. कोर्सची फाइल चाळणाऱ्याला ते दिसलंच नाही.

त्या वेळी ती जागा मॅडमच्या हातून गेली. माझं पत्र पोचलं तेव्हा समितीने निवड केली होती. मी माफी मागितली, त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मात्र पत्राबद्दल त्यांचा ईमेल आला, तीन ओळींचा:

"अपेक्षित: विषयाचे नाव नोंदीप्रमाणे 'सॉफ्टवेअर टेस्टिंग व गुणवत्ता'. प्रत्यक्ष: 'सॉफ्टवेअर टेस्टिंग'. गंभीरता: किरकोळ, पण पडताळणीत अडेल."

मी नोंद उघडून बघितली. त्यांचं बरोबर होतं. त्याच दुपारी दुरुस्त पत्र नव्या जावक क्रमांकाने काढलं आणि आधीच्या प्रतीवर "रद्द" लिहून तीही फाइलला लावली.