जीएसटीची ‘कारणे दाखवा’ नोटीस आली: उत्तर लिहिण्याआधी ती कशी तपासाल?

समजा, नागपूरच्या इतवारीतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला 2024-25 सालासाठी नोटीस आली. पोर्टलवर DRC-01 हा फॉर्म आहे आणि त्यात एकच ओळ: ‘पुरवठादार अस्तित्वात नसल्याचा अहवाल आहे, सबब 4,20,000 रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट चुकीचे.’ घाबरून लगेच बिलांचा गठ्ठा जोडून उत्तर पाठवू नका.

आधी ‘View Additional Notices/Orders’ उघडून सोबतची जोडपत्रे पाहा. DRC-01 हा निव्वळ सारांश असतो. सविस्तर नोटीस वेगळी असावी लागते, आणि पुष्कळदा तीच जोडलेली नसते.

मग आरोप शोधा. कोणता पुरवठादार, कोणती बिले, कोणत्या महिन्यातली? ‘अहवाल आहे’ हा आरोप नव्हे. माल आलाच नाही असे म्हणायचे आहे, की पुरवठादाराची नोंदणी नंतर मागच्या तारखेपासून रद्द झाली एवढेच? दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

प्रस्तावित कारवाई नीट वाचा, खरा पैसा इथे अडकतो. जीएसटी कायद्याच्या कलम 74A मध्ये फसवणुकीचा आरोप नसेल तर दंड कराच्या 10 टक्के किंवा 10,000 रुपये, यातला जो जास्त तो. म्हणजे इथे 42,000. फसवणूक असेल तर दंड कराइतकाच, 4,20,000. नोटिशीत दंड मोठा लावलाय, पण फसवणूक कशी केली याचे एक वाक्य नाही, तर हा मुद्दा उत्तरात अगदी वर घ्या. कलम 75(7) नुसार आदेश नोटिशीतल्या रकमेपलीकडे किंवा तिच्यात नसलेल्या कारणावर जाऊ शकत नाही.

आता तो अहवाल मागा. ज्या कागदांवर विभाग विसंबतो, त्यांना कर सल्लागार ‘आरयूडी’ म्हणतात. मुदत संपायच्या बरेच आधी लेखी अर्ज द्या: अहवालाची प्रत, कुणाचा जबाब असेल तर तो, आणि तपासणीचा पंचनामा. पोच ठेवा. प्रत आली नाही तरी गप्प बसू नका. ‘कागद न मिळाल्याची हरकत कायम ठेवून’ DRC-06 या फॉर्ममध्ये उत्तर द्या, बिले, वाहतुकीच्या पावत्या आणि बँकेतून दिलेले पैसे दाखवा, सुनावणीही मागा.

मात्र नुसता कलमाचा आकडा चुकला म्हणून नोटीस रद्द होत नाही. त्या त्रुटीमुळे तुम्हाला बचाव नेमका कुठे करता आला नाही, ते सांगावे लागते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका नेली तरी पुष्कळदा न्यायालय प्रकरण नव्याने सुनावणीसाठी परत पाठवते, त्यामुळे बिलांची फाईल जपून ठेवा.