ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना : आकडे केव्हा बदलावेत आणि केव्हा फक्त टीप द्यावी? या चुका टाळा

31 मार्चला आर्थिक वर्ष संपते, पण संचालक मंडळ हिशेबांना मंजुरी देते ती बहुधा मेमध्ये किंवा त्याहूनही उशिरा. या मधल्या काळात एखादा ग्राहक बुडतो, न्यायालयाचा निकाल लागतो, गोदामाला आग लागते, किंवा पडून राहिलेला माल अपेक्षेपेक्षा कमी दराने विकावा लागतो. यांपैकी कोणत्या घटनेमुळे 31 मार्चचे आकडे बदलायचे आणि कोणती घटना केवळ जाहीर करायची, याचे नियम इंड एएस 10 या भारतीय लेखा मानकात आहेत. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही, त्यांच्यासाठी एएस 4 आहे. दोन्ही मानकांची कसोटी एकच आहे. घटनेमुळे जी परिस्थिती उघड झाली ती ताळेबंदाच्या तारखेला अस्तित्वात होती का? असेल तर ती समायोजनाची घटना ठरते आणि आकडे बदलावे लागतात. परिस्थितीच नंतर निर्माण झाली असेल तर आकड्यांना हात लावायचा नाही. वाचताना हे सोपे वाटते, परंतु हिशेब पूर्ण करण्याच्या घाईत याच कसोटीवर सर्वाधिक चुका होतात.

चूक पहिली : बातमीची तारीख हीच घटनेची तारीख मानणे

समजा, चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे वर्ष 31 मार्च 2025 रोजी संपले आणि संचालक मंडळाची बैठक 28 मे रोजी ठरली. एका ग्राहकाकडून 31 मार्चला 80 लाख रुपये येणे होते आणि त्यावर 4 लाखांची तरतूद केलेली होती. 20 मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्या ग्राहकाविरुद्धचा नादारीचा अर्ज दाखल करून घेतला. येथे लेखा विभागाची पहिली प्रतिक्रिया अशी असते की, आदेश मे महिन्यातला आहे, तेव्हा तोटाही पुढच्या वर्षाचा आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण आदेश 20 मेचा असला तरी कोणतीही कंपनी एका दिवसात नादार होत नाही. ग्राहकाची दिवाळखोरी वर्षअखेरीनंतर जाहीर झाल्यास त्याची पत वर्षअखेरीसच बिघडलेली होती हे सहसा सिद्ध होते, अशी भूमिका इंड एएस 10 मध्येही स्पष्टपणे घेतलेली आहे.

मात्र ‘सहसा’ या शब्दामुळे पुरावा शोधण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ग्राहकाचे खाते उघडून पाहावे. फेब्रुवारीत त्याचे धनादेश परत आले होते का, 45 दिवसांत येणारे पैसे 90 दिवसांवर गेले होते का, शिल्लक रकमेच्या पुष्टीपत्राला उत्तर आले होते का, हे सर्व तपासावे. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकल्यास त्याने कोणत्या महिन्यांची विवरणपत्रे भरली आहेत हे दिसते. डिसेंबरपासून विवरणपत्रेच भरलेली नसतील, तर अडचण मार्चपूर्वीची आहे हे सांगणारा तो चांगला दुवा आहे. या सर्व गोष्टींची प्रत फाइलमध्ये ठेवावी, कारण लेखापरीक्षक हेच मागणार आहेत.

आता आकडे पाहू. 75 टक्के रक्कम बुडेल असा अंदाज निघाला, तर 80 लाखांवर 60 लाखांची तरतूद हवी. त्यातले 4 लाख आधीच आहेत, म्हणून आणखी 56 लाख रुपये 2024-25 च्या नफा-तोटा पत्रकात खर्ची टाकावे लागतील. येथे आणखी एक बारीक चूक होते. 20 मे रोजी खात्यावरची शिल्लक 95 लाख दिसते, कारण एप्रिलमध्येही 15 लाखांचा माल पाठवलेला असतो, आणि कोणीतरी 95 लाखांवरच तरतूद काढतो. एप्रिलची विक्री 31 मार्चच्या ताळेबंदात नाहीच, त्यामुळे तिच्यावरचा तोटाही या वर्षात येऊ शकत नाही.

याच उदाहरणात एक गोष्ट बदलून पाहू. ग्राहक मार्चपर्यंत वेळेवर पैसे देत होता, परंतु 18 एप्रिलला त्याच्या कारखान्याला आग लागली, विमा अपुरा निघाला आणि तो बुडाला. 80 लाख तेवढेच धोक्यात आहेत, पण 31 मार्चला आगीशी संबंधित कोणतीही परिस्थिती अस्तित्वात नव्हती. ही समायोजन न करण्याची घटना आहे. 31 मार्चची तरतूद त्या दिवशीच्या अंदाजानुसार 4 लाखच राहते, आणि रक्कम महत्त्वाची असेल तर टिपेत तिचा उल्लेख करावा लागतो. दोन्ही उदाहरणांत पैसे सारखेच बुडाले, तरीही हिशेबातील वागणूक पूर्णपणे वेगळी झाली, कारण बुडण्याचे मूळ वेगवेगळ्या तारखांना रुजलेले होते.

मूळ कोणत्या तारखेचे आहे याला केवढे महत्त्व आहे, हे कोविडच्या काळात सर्वांना दिसले. 31 डिसेंबर 2019 रोजी वर्ष संपणाऱ्या कंपन्यांनी महासाथीचे परिणाम सामान्यतः समायोजन न करण्याची घटना म्हणून केवळ जाहीर केले. भारतात 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागू झाली होती, त्यामुळे 31 मार्च 2020 च्या हिशेबांत मात्र ती परिस्थिती वर्षअखेरीस अस्तित्वात होती असे धरूनच येणे रकमा आणि मालाचे मूल्यांकन करावे लागले.

चूक दुसरी : एप्रिलच्या विक्रीकडे दुर्लक्ष करणे, किंवा ती डोळे मिटून स्वीकारणे

अखेरचा माल मूळ खर्च किंवा विक्रीखर्च वजा जाता मिळणारे निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी असेल त्या दराने दाखवायचा असतो, आणि हे वसुली मूल्य ठरवण्यासाठी एप्रिल-मेमधील विक्री हा सर्वांत चांगला पुरावा असतो. वरच्याच कंपनीकडे एका जुन्या मॉडेलचे 5,000 नग शिल्लक आहेत, प्रत्येकी उत्पादनखर्च 1,200 रुपये. एप्रिलमध्ये ते 1,000 रुपयांना विकले गेले आणि विक्रीवर प्रत्येकी 50 रुपये खर्च झाला. वसुली मूल्य 950 रुपये झाले, म्हणजे प्रत्येक नगामागे 250 आणि एकूण साडेबारा लाख रुपये 31 मार्चच्याच हिशेबात कमी करायला हवेत. मॉडेल बंद झाले होते, मागणी आधीच घटली होती. एप्रिलच्या विक्रीने ते फक्त पक्के केले.

परंतु दर का पडला हे विचारल्याशिवाय हे गणित मांडू नये. माल मार्चअखेर चांगल्या दराने विकला जात होता, आणि 10 एप्रिलला सरकारने आयात शुल्क घटवल्यामुळे बाजारभाव कोसळला असेल, तर ती घसरण एप्रिलची आहे. तसेच माल एप्रिलच्या मध्यावर पाण्यात भिजला आणि म्हणून स्वस्तात काढावा लागला, तर तोही पुढच्या वर्षाचा तोटा आहे. माझा अनुभव असा की, विक्री विभागातल्या व्यक्तीशी पाच मिनिटे बोलल्यावर जे कारण कळते ते केवळ बिलांवरून कधीच कळत नाही.

चूक तिसरी : न्यायालयाचा निकाल टिपेत ढकलणे

वर्षअखेरीस चालू असलेल्या दाव्याचा निकाल मंजुरीपूर्वी लागला, तर त्या दाव्यामागची जबाबदारी ताळेबंदाच्या तारखेला होती की नाही यावर तो प्रकाश टाकतो. 20 लाखांची तरतूद होती आणि 5 मे रोजी 32 लाखांचा आदेश झाला, तर तरतूद 32 लाखांवर न्यावी लागते. आधी काहीच तरतूद नव्हती आणि प्रकरण केवळ संभाव्य देणे म्हणून दाखवले होते, तर आता तीच टीप ‘अद्ययावत’ करून भागत नाही. देणे ताळेबंदात आणावे लागते. कंपनी अपील करणार असेल तर यशाची शक्यता किती यावर वकिलांचे लेखी मत घ्यावे. मात्र केवळ अपील दाखल झाले म्हणून तरतूद टाळता येत नाही. याउलट अपघातच 6 एप्रिलला झाला आणि त्यावरून दावा उभा राहिला, तर 31 मार्चच्या आकड्यांशी त्याचा संबंध नाही.

चूक चौथी : समायोजन नाही म्हणजे काहीच करायचे नाही, असे समजणे

स्वतःच्या कारखान्याला लागलेली मोठी आग, मोठ्या व्यवसायाची खरेदी, एखादा विभाग बंद करण्याची घोषणा, गुंतवणुकीच्या बाजारमूल्यात वर्षअखेरीनंतर झालेली घसरण या सर्व समायोजन न करण्याच्या घटना आहेत. त्या महत्त्वाच्या असतील तर इंड एएस 10 नुसार टिपेत दोन गोष्टी हव्यात : घटनेचे स्वरूप आणि तिच्या आर्थिक परिणामाचा अंदाज. अंदाज करता येत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. ‘कारखान्यात आगीची दुर्दैवी घटना घडली’ एवढे एक वाक्य पुरेसे नाही. एएस 4 पाळणाऱ्या कंपन्यांमध्ये हा खुलासा हिशेबांच्या टिपांऐवजी मंजुरी देणाऱ्या संचालक मंडळाच्या अहवालात येतो. शिवाय कंपनी कायदा 2013 च्या कलम 134 नुसार वर्षअखेर ते अहवालाची तारीख या काळातील महत्त्वाचे बदल संचालकांच्या अहवालात सांगणे आवश्यकच आहे.

लाभांशाबाबत जुनी सवय अजून सुटलेली नाही. पूर्वी एएस 4 नुसार प्रस्तावित लाभांशाची तरतूद त्याच वर्षात केली जात असे. 2016 मध्ये हे मानक बदलले. आता मे महिन्यात सुचवलेला अंतिम लाभांश 31 मार्चचे देणे ठरत नाही, कारण त्या दिवशी तो देण्याचे बंधन नव्हते. जुना नमुना पुढे ओढणाऱ्या लहान कंपन्यांच्या हिशेबांत ही नोंद अजूनही सापडते. ती काढून खुलासा करावा.

चूक पाचवी : तपासणी लवकर थांबवणे

वर वर्णन केलेला कालावधी संचालक मंडळाच्या मंजुरीपर्यंत चालतो; टॅलीमध्ये पुस्तके बंद केली त्या दिवसापर्यंत नव्हे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतही नव्हे. मसुदा 5 मे रोजी तयार झाला आणि बैठक 28 मे रोजी आहे, तर मधल्या 23 दिवसांचे बँक विवरण, परत आलेले धनादेश आणि वकिलांची पत्रे बैठकीच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावी लागतात. वरच्या उदाहरणातला न्यायाधिकरणाचा आदेश नेमका याच 23 दिवसांतला होता.

या कसोटीला एकच मोठा अपवाद आहे. घटना वर्षअखेरीनंतरची असली, पण तिच्यामुळे व्यवसाय चालू राहणारच नाही असे ठरले, म्हणजे संचालक मंडळाने कंपनी गुंडाळण्याचा निर्णय घेतला किंवा त्यावाचून दुसरा वास्तव पर्याय उरला नाही, तर चालू व्यवसायाचे गृहीतक धरून हिशेब तयार करता येत नाहीत. चाकणच्या कंपनीचा एकमेव मोठा ग्राहक गेला असता, तर प्रश्न 80 लाखांच्या येण्यापुरता राहिला नसता. 31 मार्चचा सगळा ताळेबंद कोणत्या आधारावर मांडायचा हेच नव्याने ठरवावे लागले असते.