लाइन गेल्यावर काय ऐकू येणार, ते आधी लिहा

समजा, तुमच्या थरारक लघुपटाची गोष्ट नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात घडते. मे महिन्याची दुपार, पारा ४५ च्या आसपास, घरात नववीतली मुलगी एकटी आणि खिडकीत कूलर घरघरतोय. मागच्या दारानं कुणीतरी आत आलं आहे. रक्त, सुरा काहीही दाखवायचं नाही. शूटिंगला निघण्याआधी एवढी तयारी हवीच.

सगळ्यात आधी प्रत्येक प्रसंगापुढे दोन गोष्टी लिहा: प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि मुलीला काय. ती मागच्या अंगणातून पापड आत आणते आणि हात भरलेले असल्यानं कडी लावायची राहते. हे प्रेक्षक बघतो, तिच्या लक्षात येत नाही. थोड्या वेळानं त्याच दाराबाहेर अनोळखी चपला दिसतात, त्याही फक्त प्रेक्षकाला. लपवायचं ते एवढंच, की चपला कुणाच्या. मात्र मुलीला जे ठाऊक आहे ते प्रेक्षकापासून दडवू नका. तिनं चपला ओळखल्या आणि आपल्याला शेवटी कळलं की मामा आला होता, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते रास्तच आहे.

मग आवाज. ते पटकथेत वेगळ्या ओळीवर लिहा. कडीचा आवाज सुरुवातीलाच एकदा, दार दिसत असताना, स्वच्छ ऐकवा. ती ओळख झाली नसेल तर पुढे नुसता आवाज आला तरी कुणी दचकणार नाही. त्यानंतर कूलर सगळं झाकून टाकतो. लाइन जाते, पंखा हळूहळू मंदावतो, गवतातून टाकीत पाणी ठिबकत राहतं आणि तेवढ्यात कडी वाजते. कुणीतरी ती आतून लावली. हा क्षण घाईत उरकू नका, पंखा पूर्ण थांबू द्या.

संवाद मात्र कूलर बंद ठेवूनच रेकॉर्ड करा. चालू कूलरमध्ये घेतलेले शॉट जोडले की प्रत्येक कटला घरघर उडी मारते आणि ती नंतर नीट निघत नाही. कूलर चालू असताना, बंद होताना आणि खोली शांत असताना, असे तिन्ही आवाज मिनिटभर वेगळे घ्या.

कॅमेरा स्थिर. मुलीचा चेहरा फ्रेमच्या एका बाजूला, मागे बोळाकडचं अर्धवट उघडं दार. कडी वाजते तेव्हा दाराकडे कट करू नका, चेहऱ्यावरच थांबा. मोबाइलवर शूट करत असाल तर मागचंही सगळं स्पष्ट दिसतं, म्हणून बोळ अंधारा ठेवा. अंगणातलं ऊन सरकतं, त्यामुळे दाराचे सगळे शॉट एकाच बैठकीत उरका.

शेवटची तपासणी: गोष्ट ठाऊक नसलेल्या कुणाला तरी पटकथा वाचून दाखवा आणि काळजी कुठल्या ओळीला वाटली ते विचारा. उत्तर चपलांच्या आसपास आलं तर शूटिंगची तारीख ठरवा. ‘दार नेमकं कुठलं?’ असं विचारलं, तर पापडांचा प्रसंग पुन्हा लिहा.