लग्नपत्रिका छापायला सोडण्याआधी

छापखान्यात नवी पत्रिका सहसा कोऱ्या पानावरून सुरू होत नाही. गेल्या मोसमातल्या कुणाच्या तरी पत्रिकेची फाइल उघडतात आणि नावं बदलतात. त्यामुळे प्रूफात सापडणाऱ्या अर्ध्याअधिक चुका टायपिंगच्या नसतातच, त्या जुन्या घराच्या उरलेल्या खुणा असतात: त्यांचा कुलदेव, त्यांचं 'कै.', त्यांचं शके. म्हणून प्रूफ वाचायला बसण्याआधी दोन्ही घरांकडून एका कागदावर हाताने लिहून घ्यावं. कुलदेव कोण, आईवडिलांची नावं काय, कोण हयात आणि कोण नाही, निमंत्रण कुणाच्या नावाने जाणार, आणि भटजींनी दिलेली तिथी व मुहूर्त. प्रूफ या कागदाशी ताडायचं, आपल्या आठवणीशी नाही.

फोंड्याकडच्या एखाद्या वधूपक्षाचं प्रूफ असं येतं, असं धरू:

'॥ श्री. मंगेशी प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेंकरून कै. श्री. अमुक व सौ. अमुक हांची जेष्ठ कन्या चि. सौ. का. अमुक हिचा शुभविवाह श्री. व सौ. तमुक यांचे चिरंजीव चि. तमुक यांच्याशी माघ शुद्ध ५, शके १९४९, गुरूवार दि. ११/२/२७ रोजी सकाळी १२-१० या शुभमुहुर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटूंब येऊन वधुवरांस शुभार्शिवाद द्यावेत.'

वरून खाली जाऊ. देवाच्या नावाआधीचा 'श्री' पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नको. माणसाच्या नावाआधी येतो तो 'श्रीयुत'चा संक्षेप, म्हणून तिथे 'श्री.' असं टिंब हवं. दुसरी चूक खास आपल्याकडची. देव मंगेश, गाव मंगेशी. देव रामनाथ, गाव रामनाथी. देव नागेश, गाव नागेशी. 'श्री मंगेशी प्रसन्न' म्हणजे गाव प्रसन्न झाल्यासारखं होतं, आणि हे छापून आलेलं मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलं आहे. शांतादुर्गेच्या बाबतीत तर नुसतं नाव लिहून भागत नाही. कवळ्याची शांतादुर्गा वेगळी, फातर्पेकरीण वेगळी, कुंकळ्ळीकरीण वेगळी. कुळाव्यांना हा फरक पहिल्याच नजरेला दिसतो, तेव्हा घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारून पूर्ण नाव घालावं. म्हार्दोळची महालसा कुणी 'महालसा नारायणी' लिहितात, कुणी नुसती 'महालसा'. घरात चालत आलं असेल ते ठेवावं.

आता नावांमागची उपपदं. इथे घाई करू नये, कारण शुद्धलेखनाची चूक लोक हसून सोडतात, ही चूक सोडत नाहीत. 'कै. श्री.' हे जोडपद काढून टाकावं; 'कै.' आलं की 'श्री.' नको. वडील कैलासवासी असतील तर आईच्या नावाआधी 'सौ.' राहू शकत नाही. 'श्रीमती' लिहावं. जुन्या पत्रिकांतून 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी असं असे. आता पुष्कळ बायकांना ते नको असतं. ते छापायचं की नाही हे दिरांनी किंवा भावांनी ठरवू नये, ज्या बाईचं नाव आहे तिलाच विचारावं. उलटी चूक याहून वाईट. जुन्या फाइलीतलं 'कै.' हयात माणसाला चिकटून राहिलं तर छापलेला गठ्ठा फेकावाच लागतो. त्यासाठी पत्रिकेतल्या प्रत्येक 'कै.'वर पेन्सिलीने गोल करून, कागद पुढे ठेवून, एकेक खात्री करून घ्यावी. व्यवस्थापक, प्रेषक, मामा-मावश्या यांची नावं असलेली खालची बारीक ओळही यात धरावी. सगळे वरचं वाचतात, म्हणून फाइलीतलं जुनं तिथेच शिल्लक राहतं.

वडील नसले की आणखी एक गाठ सोडवावी लागते. पत्रिकेतलं 'आमचे येथे', 'आमची कन्या' हे निमंत्रण देणाऱ्याच्या तोंडचं असतं. कैलासवासी माणूस निमंत्रण देत नाही, तेव्हा खाली सही कुणाची हे आधी ठरवावं. आई निमंत्रक असेल तर 'आमची ज्येष्ठ कन्या' बरोबर. काका असतील तर ती 'आमची पुतणी' होते, आणि 'कै. अमुक व श्रीमती अमुक यांची ज्येष्ठ कन्या' ही तिची ओळख पुढे जोडावी. काकांच्या सहीखाली 'आमची कन्या' राहिली तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. वरपक्षाची पत्रिका त्याच फाइलीतून काढली जात असेल तर नात्याचे हे सगळे शब्द उलटे फिरवून पुन्हा वाचावे लागतात, नुसती नावांची अदलाबदल पुरत नाही.

वधूचं 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. 'कां'वरचा अनुस्वार गळला की मागे नुसता 'का.' उरतो. शब्द पूर्ण लिहायचा असेल तर 'क्षि' ऱ्हस्व आणि 'णी' दीर्घ. वधूला नुसतं 'सौ.' लिहू नये, ती लग्नानंतरची गोष्ट. 'जेष्ठ' हे 'ज्येष्ठ' करावं, आणि धाकटी असेल तर 'कनिष्ठ'मधला 'ष्ठ' पाहावा, तिथे 'ष्ट' पडतो. कुणी डॉक्टर असेल तर 'डॉ.' हा 'डा'वर वेगळी चंद्रकोर चढवून टाइप केलेला नाही ना, ते मोठं करून पाहावं. एका फाँटात तो नीट दिसतो, दुसऱ्यात कोर बाजूला सरकते.

मग 'हांची'. गोव्यात देवनागरीत काम करणारा टायपिस्ट दिवसभर कोंकणी आणि मराठी दोन्ही टाइप करतो, म्हणून मराठी पत्रिकेत 'यांची'च्या जागी 'हांची' आणि कधी 'वाजता'च्या जागी 'वरांचेर' सहज घुसतं. आपणही घरात कोंकणीच बोलतो, त्यामुळे डोळा तिथे अडखळत नाही. हे शोधायला पत्रिका महाराष्ट्रात वाढलेल्या एखाद्या सुनेला किंवा जावयाला वाचायला द्यावी, त्यांना ते लगेच खटकतं. 'श्रीकृपेंकरून'वरचा अनुस्वार मात्र टायपिस्टचा नाही, तो जुन्या मराठीचा आहे. न उच्चारला जाणारा अनुस्वार नव्या नियमांनी १९६२ साली गेला. ज्यांना जुनं वळण आवडतं त्यांनी ते ठेवावं, पण मग 'आमचे येथें', 'करण्याचें योजिलें आहे' असं सगळं जुनं ठेवावं. एका ओळीत जुनं आणि दुसऱ्या ओळीत नवं दिसलं तर ती चूकच वाटते. मी स्वतः नवं सुचवते: 'श्रीकृपेकरून'.

तारखेकडे वळू. ११ फेब्रुवारी २०२७ ही वसंत पंचमी, माघ शुद्ध ५, आणि वार गुरुवार, एवढं जुळतं. शके मात्र चुकलं आहे. शके जानेवारीत बदलत नाही, पाडव्याला बदलतं. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला आहे, म्हणून फेब्रुवारीत शके १९४८च चालू असेल. ताळा सोपा आहे: पाडव्यानंतरच्या तारखेला इंग्रजी सनातून ७८ वजा करावेत, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. २०२७ वजा ७९ म्हणजे १९४८. लग्नं नेमकी या तीन महिन्यांत दाटीने असतात, म्हणून हीच चूक सगळ्यात जास्त छापली जाते.

तिथी मोबाइलवर पाहत असाल तर एक जपावं. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव एकच राहतं, पण आपला माघ वद्य त्यांच्याकडे फाल्गुन कृष्ण असतो. त्या पद्धतीचं पंचांग पाहून वद्य पक्षातली तिथी उचलली तर महिनाच पुढचा छापला जातो. भटजींचा कागद आणि घरच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर या दोहोंशी ताडलं की पुरे.

'११/२/२७' असं लिहू नये. महिना अक्षरात आणि साल पूर्ण: 'गुरुवार, दि. ११ फेब्रुवारी २०२७'. 'गुरुवार'मधला 'रु' ऱ्हस्व. नक्षीदार फाँटात १ आणि ९ एकसारखे दिसतात, तेव्हा '११' कुणी '१९' वाचणार नाही ना हे हातभर अंतरावरून पाहावं. 'सकाळी १२-१०' हे दोनदा चुकलं आहे. बारानंतर दुपार होते, आणि आडवी रेघ 'बारा ते दहा' अशी वाचली जाते. 'दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी' असं लिहावं. जागा कमी असेल तर '१२ वा. १० मि.'. 'मुहूर्त'मधला 'हू' दीर्घ, आणि 'या सुमुहूर्तावर' हे वळण अधिक रुळलेलं आहे.

शेवटच्या ओळीत 'सहकुटुंब', 'वधूवरांस' आणि 'शुभाशीर्वाद'. आशीर्वादाचा रफार 'वा'वर बसतो, 'शी'वर नाही, आणि 'शी' दीर्घ. सहीआधीचा 'विनीत' हाही दीर्घ 'नी'चा.

स्थळाच्या ओळीत गावांची नावं इंग्रजी पाटीवरून उतरवू नयेत. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगवरून 'कुंकोलिम', 'बिचोलिम', 'क्वेपेम' अशी नावं तयार होतात. गावं आहेत कुंकळ्ळी, डिचोली, केपे. देवळाच्या अग्रशाळेत लग्न असेल तर देवस्थानाचं नाव त्यांच्या पावतीवर जसं आहे तसंच घ्यावं.

आई निमंत्रक आहे असं धरून दुरुस्त मजकूर असा होतो:

'॥ श्री मंगेश प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक (कै. अमुक व श्रीमती अमुक यांची कन्या) हिचा शुभविवाह श्री. व सौ. तमुक यांचे चिरंजीव चि. तमुक यांच्याशी माघ शुद्ध ५, शके १९४८, गुरुवार, दि. ११ फेब्रुवारी २०२७ रोजी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी या सुमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.'

हा मजकूर मोबाइलवरून पाठवला तरी छापखान्यातल्या जुन्या फाँटात बदलताना रफार आणि जोडाक्षरं पुन्हा हलतात. म्हणून दुरुस्तीनंतरचं प्रूफ पडद्यावर न पाहता कागदावर काढून घ्यावं, एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने हातातल्या कागदाशी ताडावं. ज्या प्रतीवर शेवटी सही कराल तिचा फोटो काढून ठेवावा आणि तीच प्रत मशीनवर जाते आहे हे छापखान्यात विचारून घ्यावं.