झोनच्या कडेवर माझे उत्तर कुठे बिघडले

जवळपास मुक्त इलेक्ट्रॉनचे मॉडेल एम.एस्सी.ला शिकताना 2|U| हे बँड गॅपचे सूत्र मला तोंडपाठ होते, पण ते कुठून आले हे विचारले असते तर मी गप्प बसलो असतो. गाइडमधून सूत्र उचलण्याच्या सवयीचे हे फळ आहे, आणि त्या सवयीबद्दल मला आजही राग आहे.

माझी चूक नेमकी कुठे झाली ते आकड्यांनी सांगतो. एकमितीय जाळीचे अंतर a = 4 Å घेऊ, आणि U(x) = 2U cos(2πx/a) या आवर्ती पोटेन्शियलमध्ये |U| = 0.5 eV मानू. झोनच्या कडेवर, म्हणजे k = π/a येथे, मुक्त इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे 2.35 eV येते. हे पोटेन्शियल k ही अवस्था फक्त k ± 2π/a या अवस्थांशी जोडते. त्यांपैकी कडेजवळ महत्त्वाची ठरते ती k − 2π/a, आणि दुसरीचा किरकोळ वाटा मी येथे सोडून देतो.

मी सरसकट दुसऱ्या क्रमाचे साधे पर्टर्बेशन लावले, ज्यात U² ला दोन अवस्थांच्या ऊर्जांतील फरकाने भागतात. कडेपासून दहा टक्के आत हा फरक 0.94 eV असल्यामुळे खालच्या बँडची ऊर्जा 1.64 eV आली; खरे उत्तर 1.69 eV आहे, म्हणून मला शंकाही आली नाही. पण एक टक्का आत तोच फरक 0.094 eV उरतो, दुरुस्ती 2.66 eV होते आणि ऊर्जा चक्क −0.36 eV निघते. कडेवर तर भाजक शून्यच होतो. मी दोन दिवस बेरीज-वजाबाकी तपासत बसलो, पण हिशेबात चूक नव्हतीच, चूक पद्धतीत होती: पोटेन्शियल कितीही दुबळे असले तरी, ऊर्जांतील फरक U च्या आसपास आला की ते दुबळे राहत नाही.

तेथे दोन्ही अवस्था एकत्र घेऊन (E₁ − E)(E₂ − E) = U² हे समीकरण सोडवावे लागते. घाबरू नका, हे साधे वर्गसमीकरण आहे. कडेवर E₁ = E₂ असल्यामुळे E = 2.35 ± 0.5, म्हणजे 1.85 आणि 2.85 eV मिळतात, आणि मधला 1 eV हाच गॅप असतो. एक टक्का आतही खालची ऊर्जा 1.85 eV च्या जवळच राहते. या दोन ऊर्जांच्या अवस्था म्हणजे cos(πx/a) आणि sin(πx/a) या स्थिर लहरी होत. पहिलीची घनता आयनांवर साचते, दुसरीची त्यांच्या मधोमध, म्हणून आकर्षक आयन असतील तर पहिली खाली जाते. एकदा या दोन्ही घनता हाताने काढून पाहा. कोणत्याही सरांच्या नोट्स त्याची जागा घेत नाहीत.

प्रश्नात पोटेन्शियल V₀ cos(2πx/a) असे दिले असेल, तर गॅप 2V₀ नव्हे, V₀ असतो, कारण कोसाइनचे दोन अर्धे दोन दिशांना वाटले जातात. माझे गुण येथेच गेले होते.