बाईंना चिठ्ठी लिहिताना ‘मार्गदर्शिका’ नको

शाळेतल्या आवडत्या बाईंना आभाराची चिठ्ठी लिहिताना ‘शिक्षिका’ साधा वाटतो, म्हणून आपण भारी शब्द शोधतो. माझ्या भाचीने सदाशिव पेठेतल्या आपल्या भूमितीच्या बाईंसाठी लिहिलं होतं, ‘तुम्ही माझ्या मार्गदर्शिका आहात.’ व्याकरण बरोबर, पण मार्गदर्शिका म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते माहितीची पुस्तिका. बाईंनाही ‘मार्गदर्शक’च लिहावं. आणि ‘गाईड’ तर नकोच. अप्पा बळवंत चौकात गाईड मागितलं की दुकानदार तयार उत्तरांचं पुस्तक काढून देतो!

‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणजे शिक्षण या विषयाचा अभ्यासक. वर्गात शिकवणाऱ्या बाईंना तो शब्द सत्काराच्या फलकासारखा वाटेल. ‘मेंटॉर’ शाळा सुटल्यावरही ज्यांचा सल्ला घेत राहिलात, त्यांनाच शोभतो. ‘गुरू’ चालेल, मात्र लिहिताना जपा: सुटा ‘गुरू’ दीर्घ, पण ‘गुरुवर्य’, ‘गुरुजी’ यांत रु ऱ्हस्व. मराठीच्या बाई असतील तर ही चूक लाल शाईने परत येऊ शकते.

शेवटी भाचीने बिरुद काढून क्रियापद ठेवलं: ‘बाई, प्रमेय पाठ करू नकोस, आकृती स्वतः काढ, असं तुम्ही म्हणायचात. अजून आधी आकृतीच काढते.’ वर फक्त ‘आदरणीय बाई, सा. न.’