कप्पीचं गणित: उद्याच्या चाचणीआधी एवढं तपासा

नौपाड्यातल्या माझ्या अकरावीच्या मुलांची उद्या चाचणी आहे. कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या दोन टोकांना दोन असमान वजनं, हे गणित त्यात हमखास असतं. म्हणून आज रात्री वही मिटण्याआधी एवढं करा.

आधी दोन्ही वस्तुमानांच्या आकृत्या वेगवेगळ्या काढा. प्रत्येकावर दोनच बाण हवेत: खाली वजन, वर दोरीचा ताण T. दोरी आणि कप्पी हलकी, घर्षण नाही, हे गृहीतक शेजारी लिहून ठेवा, कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा धरता येतो तो त्याच्याच जोरावर. मग जड बाजूला खालची दिशा धन घ्या आणि हलक्या बाजूला वरची. चिन्हांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

३ किलो आणि २ किलो घेऊ, g १० धरू. जड बाजू सांगते 30 − T = 3a, हलकी सांगते T − 20 = 2a. बेरीज केली की T जातो, 10 = 5a उरतं, म्हणजे त्वरण २ मी/से². आता T दोन्ही समीकरणांतून काढा, दोन्हीकडे २४ न्यूटनच यायला हवा. तो २० आणि ३० च्या मधे आहे ना, हेही बघा. ताण हलक्या वजनापेक्षा कमी असता तर ते वर गेलंच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागे एका मुलीने ताण म्हणजे दोन्ही वजनांची सरासरी असं धरून T = (m₁ + m₂)g/2 लिहिलं होतं. उत्तर २५ आलं, तेही २० आणि ३० च्या मधलंच. वस्तुमानं सारखी घेतली तर T = mg, तेही बरोबर. मग मी तिला m₂ शून्य करायला सांगितलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही, पहिलं वजन मोकळं पडतंय, आणि तिच्या सूत्रात ताण m₁g/2! ती स्वतःच थांबली आणि खोडरबर शोधू लागली. खरं सूत्र T = 2m₁m₂g/(m₁ + m₂) इथे शून्य देतं, आणि a = (m₁ − m₂)g/(m₁ + m₂) बरोबर g देतं. म्हणून सारख्या वस्तुमानांच्या एकाच तपासणीवर थांबू नका.

उलट टोकही करून बघा: m₁ प्रचंड मोठं. ताणही प्रचंड होईल असं वाटतं, पण तो 2m₂g वरच अडतो. जड वस्तू जवळजवळ g ने पडते, तर हलकीला g ने वर खेचावं लागतं. एक m₂g तिचं वजन पेलायला, दुसरं तिला वेग द्यायला.

शेवटी कप्पीच्या हुकावरचा भार बघा. तो 2T, म्हणजे ४८ न्यूटन, ५० नव्हे. ५० यायचे ते कप्पी फिरू न देता दोरी तिलाच घट्ट बांधून ठेवली असेल तेव्हा.